नफा १,७६,८००, हातात ३१,३००

«मी कोल्हापुरात चपलांचं दुकान चालवते. गेल्या एप्रिलला साठवलेले २ लाख घातले आणि बँकेचं ३ लाखांचं कर्ज काढलं. वर्ष संपल्यावर कर सल्लागारांनी १,७६,८०० रुपये नफा काढून दिला, ताळेबंदही जुळला म्हणाले. पण बँक आणि गल्ला मिळून माझ्याकडे ३१,३०० रुपयेच आहेत. गल्ल्यावर माझ्या नणंदेचा मुलगा बसतो. नफा झाला तर तो गेला कुठे? भाच्याला कामावरून काढावं का? काढलं तर घरात कायमची तेढ पडेल. वर्षाचे आकडे आणि बिलांची मोजणी सोबत पाठवते आहे. शिल्लक माल अंदाजे १,६०,००० चा असेल.»
— एक वाचक, कोल्हापूर

ताई,

भाच्याचं काय करायचं ते आपण बघू, पण आधी तुमच्या ‘गेला कुठे’ या शब्दांकडे वळू या. नफा एकदा गल्ल्यात येऊन पडला होता आणि तिथून नाहीसा झाला, असं तुम्ही धरून चालला आहात. नफा असा ढिगाने कुठे पडलेला नसतो. दुकानात जे काही आहे त्यातून दुकानाची सगळी देणी वजा केली की जे उरतं तो तुमचा हक्क. वर्षभरात धंद्यामुळे तो हक्क जेवढा वाढला तेवढा नफा. ही वाढ रोख रकमेत असेल, फळीवरच्या मालात असेल, नाहीतर दुसऱ्याच्या दुकानात तुमच्या नावावर लिहिलेली असेल. म्हणून आधी तुमचा हक्क कुठे कुठे बसला आहे ते शोधू आणि मग काही कमी पडतं का ते पाहू. हा शोध एकाच समीकरणावर चालतो:

मालमत्ता = देणी + मालकाचं भांडवल

दुकानाला तुमच्यापासून वेगळा माणूस समजा. त्याच्याकडे जे आहे ते दोनच ठिकाणांहून आलेलं असणार: परक्यांकडून, नाहीतर तुमच्याकडून. त्यामुळे दोन्ही बाजू कधीच वेगळ्या होऊ शकत नाहीत. एखादा व्यवहार एका जागी बदल करतो तेव्हा तोल राखणारा दुसरा बदल कुठेतरी करतोच, आणि हे दोन्ही बदल लिहिणं म्हणजे दुहेरी नोंद. तुमची वही मात्र जमा आणि खर्च अशा दोनच रकान्यांची आहे. तिच्यात पैसा आला की जमा, गेला की खर्च. तो कशाच्या बदल्यात आला आणि कशाच्या बदल्यात गेला हे लिहायला तिथे जागाच नाही. तुमचा घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्याच दिवसाचं पाहा. तुम्ही २ लाख घातले तेव्हा दुकानाची रोख २ लाखांनी वाढली आणि तुमचं भांडवल २ लाखांनी वाढलं. बँकेने ३ लाख दिले तेव्हा रोख ३ लाखांनी वाढली, पण दुसऱ्या बाजूला भांडवल हललं नाही, देणं ३ लाखांनी वाढलं. वहीत या दोन्ही रकमा ‘जमा’खाली एकाखाली एक आल्या आहेत आणि विक्रीचे पैसेही त्याच रकान्यात आहेत. तिन्हींत रोख वाढली हे खरं, पण तुमचा हक्क धंद्यातून वाढला तो फक्त विक्रीतून, आणि तोही संपूर्ण विक्रीइतका नाही.

मग फळ्या, काउंटर आणि काचेच्या कपाटांवर १,२०,००० गेले आणि जागेच्या डिपॉझिटला ८०,०००. वहीने हे दोन्ही ‘खर्च’ म्हणून लिहिले. प्रत्यक्षात एका मालमत्तेच्या जागी दुसरी मालमत्ता आली. समीकरणाची उजवी बाजू हललीच नाही. डिपॉझिट घरमालकाकडून यायचं असल्यामुळे ते तुमचंच आहे. फर्निचर मात्र झिजतं. आयकराच्या नियमांत फर्निचरला १० टक्के घसारा आहे, त्यामुळे सल्लागारांनी १२,००० रुपये उतरवून फर्निचर १,०८,००० वर आणलं. हे १२,००० तुमच्या नफ्यातून गेले, रोख रकमेतून मात्र या वर्षी त्यापायी एक पैसाही गेला नाही. रोख आणि नफा वेगवेगळ्या वाटांनी चालतात ते असे.

आता एकच व्यवहार सावकाश उलगडू, कारण तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग त्यात आहे. तुमच्या आकड्यांत पुण्याचा एक दुकानदार आहे, तो तुमचा माल उधारीवर घेतो. समजा त्याला तुम्ही २४ जोड पाठवले. जोड तुम्हाला कारागिराकडून ५०० ला पडला आणि त्याला ८५० ने लावला. बिल २०,४०० चं झालं. त्या दिवशी गल्ल्यात काहीच आलं नाही, त्यामुळे तुमच्या वहीत त्या दिवशी काहीच घडलं नाही. दुहेरी नोंदीत मात्र चार ओळी होतात:

पुण्याच्या दुकानदाराचं खातं, नावे २०,४००
विक्री खातं, जमा २०,४००
विकलेल्या मालाची किंमत, नावे १२,०००
माल खातं, जमा १२,०००

समीकरणात पाहिलं तर येणं २०,४०० ने वाढलं आणि फळीवरचा माल १२,००० ने कमी झाला, म्हणजे मालमत्तेत निव्वळ ८,४०० ची भर पडली. देणी जिथल्या तिथे आहेत. मग ही भर कोणाची? तुमची. तुमचं भांडवल ८,४०० ने वाढलं आणि नफा त्याच क्षणी झाला. दोन महिन्यांनी त्याने २०,४०० पाठवले की येणं तेवढ्याने घटेल, रोख तेवढ्याने वाढेल आणि नफ्यात शून्य फरक पडेल. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला पैसे दिसतात त्या दिवशी नफा होत नाही, आणि नफा होतो त्या दिवशी पैसे दिसत नाहीत. वर्षाच्या शेवटी या दुकानदाराकडे तुमचे १,७०,००० अडकले आहेत. त्यात नफाही आहे आणि तुमच्या मालाची मूळ किंमतही आहे.

नावे आणि जमा या शब्दांपाशी जरा थांबू, कारण बहुतेक वाचक इथेच अडतात. मालमत्ता वाढली की नावे, देणं किंवा भांडवल वाढलं की जमा, आणि कमी झालं की उलट. विक्रीने भांडवल वाढतं म्हणून विक्री जमा. भाडं, पगार, व्याज यांनी भांडवल घटतं म्हणून खर्च नावे. पाठांतर एवढंच. तरीही पासबुक उघडलं की गोंधळ होतो: तुम्ही पैसे भरले तर बँक ‘जमा’ लिहिते, आणि तुमच्या स्वतःच्या पुस्तकात तोच पैसा बँक खात्याला ‘नावे’ येतो. दोन्ही बरोबर आहेत. पासबुक हे बँकेचं पुस्तक, आणि तुम्ही भरलेला पैसा बँकेच्या दृष्टीने तुम्हाला परत द्यायचं देणं आहे. तुमच्या दृष्टीने ती मालमत्ता आहे. पासबुक समोर ठेवून त्याच बाजूने आपली वही लिहिणाऱ्यांची सगळी नोंद उलटी होते.

कर्जाच्या हप्त्याचंही असंच आहे. महिन्याला १०,००० जातात आणि वहीत १२ वेळा ‘खर्च १०,०००’ आहे. पण हप्त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. तुमचा व्याजदर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का. पहिल्या महिन्यात ३ लाखांवर व्याज ३,००० झालं, उरलेले ७,००० मुद्दलात गेले. रोख १०,००० ने घटली. त्यातल्या ७,००० नी तुमचं देणं घटवलं, त्यात तुमचं नुकसान काही नाही. फक्त ३,००० नी भांडवल घटलं. पुढच्या महिन्यात मुद्दल २,९३,००० उरल्यामुळे व्याज २,९३० आणि मुद्दल ७,०७०. असं करत वर्षात १,२०,००० पैकी सुमारे ३१,२०० व्याज आणि ८८,८०० मुद्दल फिटलं. ८८,८०० नफ्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाहीत, पण गल्ल्यातून गेलेच. बँकेकडून हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या. दर महिन्याची ही विभागणी त्यात छापलेली असते, तोंडी करत बसायची गरज नाही.

घरखर्चासाठी तुम्ही महिन्याला ८,००० उचलता, वर्षाचे ९६,०००. हा दुकानाचा खर्च नाही. ही मालकाची उचल आहे. रोख घटते आणि भांडवल घटतं, पण नफा घटत नाही. तुमच्या वहीत काही महिने ही रक्कम ‘घरखर्च’ म्हणून आहे आणि काही महिने नुसतीच ‘किरकोळ’. ‘किरकोळ’मध्ये गेली की नफा खोटाच कमी दिसतो. सल्लागारांनी ती वेगळी काढली आहे, हे चांगलं केलं.

आता तुम्ही विचारलेल्या ‘कुठे’चं उत्तर देता येतं. तुमचे २ लाख, बँकेचे ३ लाख आणि नफ्याचे १,७६,८०० मिळून ६,७६,८०० होतात. पुण्याच्या दुकानदाराकडे १,७०,००० आहेत. मालात १,६०,०००, पण कारागिरांचे ६०,००० द्यायचे राहिले आहेत, म्हणजे मालात तुमचे खरे १,००,०००. घसाऱ्यानंतरचं फर्निचर १,०८,०००. डिपॉझिट ८०,०००. बँकेला परत केलेलं मुद्दल ८८,८००. घरी नेलेले ९६,०००. बेरीज ६,४२,८००. वजा केलं की ३४,००० उरतात.

म्हणजे तुमच्याकडे १,७६,८०० असायला हवे होते असं नाही, ३४,००० असायला हवे होते. आहेत ३१,३००. तूट २,७०० ची. भाच्याच्या डोक्यावर तुम्ही जवळजवळ दीड लाखाचा संशय ठेवला होता. त्यातलं एवढंच विचारण्यासारखं उरतं.

२,७०० सुद्धा आधी कागदावर शोधा. बँकेतले १९,८०० पासबुकाशी जुळतात, म्हणजे फरक गल्ल्यातल्या रोखीचा आहे: वहीप्रमाणे १४,२००, मोजले ११,५००. २,७०० ला ९ ने नि:शेष भाग जातो हे लक्षात घ्या. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले की येणाऱ्या फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. इथे भागाकार ३०० येतो, म्हणजे हजार आणि शतकाच्या घरातले, एकमेकांपासून ३ ने वेगळे असलेले आकडे शोधायचे: ४,७०० च्या जागी ७,४००, ५,८०० च्या जागी ८,५००, २,५०० च्या जागी ५,२००. वहीत रोख जास्त दिसते, तेव्हा एकतर आलेली रक्कम मोठी लिहिली गेली असेल किंवा दिलेली रक्कम लहान. वर्षाच्या वहीत अशा नोंदी फार नसतील, अर्ध्या तासात बघून होतील. ही खूण आहे, पुरावा नाही. तिथे काही सापडलं नाही तर गल्ल्यातून परस्पर दिलेलं टेम्पोभाडं, गिऱ्हाईकाला सोडलेली सूट आणि गल्ल्यातून नेलेली पण वहीत न लिहिलेली तुमची स्वतःची उचल पाहा.

तुमच्या पत्रात मला याहून जास्त खटकलेला शब्द वेगळाच आहे: ‘अंदाजे’.

वर उधारीच्या विक्रीत मी चार ओळी लिहिल्या. लहान दुकानांत त्यातल्या शेवटच्या दोन ओळी रोज कोणी लिहीत नाही, आणि तुमच्याकडेही लिहिलेल्या नाहीत. त्याऐवजी वर्षअखेर एकदम हिशेब होतो: खरेदी ९,००,०००, त्यातून शिल्लक माल १,६०,००० वजा, म्हणून विकलेल्या मालाची किंमत ७,४०,०००. विक्री १२,६०,००० मधून ती वजा केली की ५,२०,००० उरतात. त्यातून भाडं १,२०,०००, भाच्याचा पगार १,४४,०००, वीज, पॅकिंग आणि प्रवास ३६,०००, व्याज आणि घसारा गेला की १,७६,८००. पद्धत मान्य आहे, पण सगळा नफा शिल्लक मालाच्या एका आकड्यावर टेकला आहे. आणि तो आकडा तुम्ही मोजलेला नाही. वर्षात १,८०० जोड घेतले, बिलांवर १,४८० विकले, उरायला हवेत ३२०, गुणिले ५००: नेमके १,६०,०००. म्हणजे काय असायला हवं ते तुम्ही लिहून दिलंत. फळीवर काय आहे ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

‘ताळेबंद जुळला’ यावर विसंबून राहू नका असं मी म्हणतो ते याचसाठी. शिल्लक मालाचा आकडा डाव्या बाजूला मालमत्तेत बसतो आणि नफ्यामार्गे उजव्या बाजूला भांडवलातही बसतो. तो १०,००० ने फुगला तर दोन्ही बाजू १०,००० नी फुगतात आणि ताळेबंद तितकाच सुरेख जुळतो. बेरीज चुकली, एक बाजू लिहायची राहिली, नावेची रक्कम जमेला गेली, अशा चुका तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा रकमांची बेरीज जुळवून पाहताना, पकडल्या जातात. जो व्यवहार लिहिलाच नाही, जो दोन्ही बाजूंना सारखाच चुकीचा लिहिला, किंवा जो योग्य बाजूला पण चुकीच्या खात्यात गेला, तो पकडला जात नाही. बिल न करता जोड विकून पैसे खिशात घातले तर रोख आली नाही आणि विक्रीही लिहिली गेली नाही. दोन्ही नोंदी गायब, त्यामुळे रोख वही गल्ल्याशी अगदी जुळेल. अशी चोरी गल्ल्यात कधीच दिसणार नाही. ती दिसते फळीवर.

म्हणून मोजणी करा. एका सकाळी, दुकान उघडण्याआधी, माप आणि प्रकार लावून जोड मोजा. आदल्या रात्रीपर्यंतची बिलं बाजूला ठेवा, म्हणजे मध्ये विक्री घुसणार नाही. ३१ मार्चनंतर घेतलेले जोड मोजणीतून वजा करा आणि विकलेले मिळवा, तरच त्या दिवसाच्या ३२० शी तुलना होईल. मोजायला भाच्याला बरोबर घ्या आणि खाली दोघांनी सही करा. एकटीने मोजलं तर तूट निघाल्यावर तो म्हणेल तुम्ही चुकलात, त्याच्याकडूनच मोजून घेतलं तर तुम्ही म्हणाल तो चुकला. पुण्याला नमुना म्हणून गेलेले जोड, अंगठा किंवा पट्टा तुटल्यामुळे कारागिराकडे दुरुस्तीला गेलेले जोड आणि घरच्या लग्नकार्यात भेट दिलेले जोड आधीच आठवून लिहून ठेवा. पावसाने खराब झालेले जोडही वेगळे काढा. ते मोजणीत येतील, पण ५०० ला धरायचे नाहीत, विकून जेवढे येतील तेवढ्यालाच धरायचे.

३२० च्या आसपास भरले तर भाच्याबद्दलचा प्रश्न मिटला. ३०० भरले तर २० जोडांची, म्हणजे १०,००० च्या मालाची तूट. सल्लागारांना तो आकडा द्या: माल १०,००० ने कमी, नफा १०,००० ने कमी. मग बोलण्यासारखं काही तुमच्या हातात असेल, आणि ते ‘तू पैसे खाल्लेस का’ असं नसेल. ‘या २० जोडांची बिलं कुठे आहेत, आपण दोघं शोधू’ असं सुरू केलंत तर नणंदेपर्यंत जाण्याआधी पुष्कळ गोष्टी उलगडतात. भाच्याला काढायचं की नाही हा निर्णय मोजणीच्या आधी घेऊ नका. आज तुमच्याकडे त्याच्याविरुद्ध एकही आकडा नाही.

इथून पुढे तो गल्ल्यावर राहिला तर रात्री दुकान बंद करताना एक गोष्ट नियमाने होऊ द्या: सकाळची रोख, अधिक रोख विक्री आणि आलेली रोख उधारी, वजा दिलेली रोख आणि बँकेत भरलेली रक्कम. ही बेरीज आणि गल्ल्यातली मोजलेली रक्कम शेजारी लिहायची. यूपीआयने आलेली विक्री यात धरायची नाही, ती सरळ बँक खात्याला नावे. या दोन्ही एकत्र लिहिल्यामुळे रोज ‘तूट’ दिसणारी दुकानं कमी नाहीत. एका दिवसाचा फरक त्याच रात्री आठवतो, वर्षाचा फरक आठवत नाही. आणि महिन्यातून एकदा सगळं न मोजता एकाच मापाचे जोड मोजायचे.

माझ्या मते तुमची खरी काळजी गल्ल्यावर नाही, पुण्यात आहे. १,७०,००० एकाच माणसाकडे आहेत. त्याने बुडवले तर येणं १,७०,००० ने घटेल आणि तेवढंच तुमचं भांडवल घटेल. वर्षाचा नफा ६,८०० वर येईल. रोख मात्र त्या दिवशी जराही हलणार नाही, म्हणून वहीकडे बघून हा धोका तुम्हाला कधी कळणारच नाही. त्याचं खातं बिलांच्या तारखांनी लावा आणि कुठली रक्कम किती दिवसांची आहे ते पाहा. नव्वद दिवसांवरचं बिल बाकी असताना नवा माल पाठवायचा की नाही, हे आधी ठरवा. त्याच्याकडून निम्मे, ८५,००० जरी आले, तरी कारागिरांचे ६०,००० देऊन २५,००० हातात राहतात. त्या दोन्ही नोंदींनी नफा बदलणार नाही, पण कारागीर पुढचा माल वेळेवर देतील, आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गिऱ्हाईकांचा हंगाम फळ्या भरलेल्या असतानाच पकडता येतो.

तुमच्यासारख्या इतर दुकानदारांसाठी दोन गोष्टी जोडतो. कारागिराला दिलेली उचल खरेदीत लिहू नका. माल येईपर्यंत ती त्याच्याकडचं तुमचं येणं आहे, नाहीतर माल न येताच नफा कमी दिसतो. आणि जीएसटीची नोंदणी असेल तर गिऱ्हाईकाकडून घेतलेला कर विक्रीत मिळवू नका. तो भरेपर्यंत सरकारचं देणं आहे. तुमचे सगळे आकडे कर वगळून आहेत, म्हणून वर तो आला नाही.

आणि ताई, ते २,७०० सगळं शोधूनही सापडले नाहीत तर वही तशीच अर्धवट सोडू नका, आणि एखादा खर्च बनवून त्यात बसवूही नका. ‘रोख तूट’ नावाचं खातं उघडा. रोख तूट नावे २,७००, रोख जमा २,७००. वहीतली रोख मोजलेल्या रकमेला येऊन मिळेल, नफा १,७४,१०० होईल, आणि पुढच्या वर्षी या खात्यात काही पडलं तर ते कुठल्या तारखेला पडलं हे तुम्हाला दिसेल.